आईच्या फोनवर बँक खातं जोडताना अडलेलं गाडं

आईच्या नव्या फोनवर यूपीआय ॲपमध्ये खातं जोडताना दरवेळी 'नंबरची खात्री होऊ शकली नाही' एवढंच येई. मी उगाच ओटीपीची वाट बघत बसलो. इथे मेसेज येत नाही, उलट आपल्याच सिममधून एक सांकेतिक एसएमएस जातो आणि तो कुठल्या नंबरवरून आला हे पाहून खात्री होते.

मेसेजमध्ये पाहिलं, तर तो अगम्य अक्षरांचा एसएमएस 'पाठवला गेला नाही' म्हणून लाल खुणेसह पडलेला. इनकमिंगपुरता स्वस्त रिचार्ज, त्यात एसएमएसच नव्हते! एसएमएस असलेला प्लॅन मारला, बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम एसएमएससाठी निवडलं, वायफाय बंद केलं. मिनिटभरात खातं दिसलं. वायफायचा संबंध होता की नाही, देव जाणे.