बिलापेक्षा 38 डॉलर कमी का आले?

परदेशी ग्राहकाला 2,400 डॉलरचं बिल पाठवलं, खात्यात आले 2,362. त्याने पूर्ण रक्कम पाठवल्याची पावती दाखवली आणि तो खरंच बोलत होता.

मग या व्यवहारासाठी बँकांनी एकमेकींना पाठवलेल्या स्विफ्ट संदेशाची प्रत मी माझ्या बँकेकडे मागितली. `33B` या रकान्यात ग्राहकाने पाठवलेले मूळ 2,400, `32A` मध्ये माझ्या बँकेपर्यंत पोहोचलेले 2,370. `71A` समोर `SHA` लिहिलेलं, म्हणजे खर्च दोघांत विभागलेला. खाली `71F` च्या दोन ओळी, प्रत्येकी 15 डॉलर: वाटेतल्या दोन बँकांनी कापलेले. उरलेले 8 माझ्याच बँकेचे.

त्याच दिवशी ग्राहकाला पत्र लिहिलं:

"एवढ्या रकमेच्या बिलाला बँक ट्रान्सफरच योग्य. फॉर्म भरताना खर्चाच्या रकान्यात `OUR`, म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, हा पर्याय निवडा आणि शेऱ्यात बिल क्रमांक लिहा. तुमच्या बँकेचा जादा आकार मी पुढच्या बिलात वळता करेन. नमुन्यांच्या छोट्या रकमेसाठी कार्डाची लिंक चालेल. मोठ्या बिलाला मात्र नको, कारण तिथे आकार टक्क्यांत लागतो आणि माल पोहोचल्यावरही पैसे परत घेतले जाऊ शकतात."

आकार मी उचलला तो मुद्दाम. नाहीतर ग्राहक स्वस्त म्हणून पुन्हा `SHA` निवडतो, आणि दर वेळी हिशेबात तूट शोधत बसण्यापेक्षा आधी ठाऊक असलेला खर्च मला परवडतो.

पुढचं बिल पूर्ण आलं. तरी काही मार्गांवर `OUR` असूनही कपात होते, म्हणून पहिल्या व्यवहारात पाठवलेली मूळ रक्कम आणि तुमच्या बँकेपर्यंत पोहोचलेली रक्कम जुळवून पाहाच.