पाकिटावर 'कंटेन्स मिल्क' लिहिलंय, मग खायचं की नाही?

'मला दूध चालत नाही' असं दोन माणसं म्हणतात, पण दोघांचं दुखणं वेगळं असतं. एकाला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही, कारण लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर कमी पडतं. मग पोट फुगतं, मुरडा येतो, जुलाब होतात. दुसऱ्याचं शरीर दुधातल्या केसीन किंवा व्हे या प्रथिनांनाच शत्रू समजतं. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, कधी श्वास कोंडतो. पहिल्यात प्रमाणाचा प्रश्न असतो, दुसऱ्यात कणभरसुद्धा जिवावर बेतू शकतो. तुमचं कोणतं, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि मगच पाकीट हातात घ्या.

आधी घटकांच्या यादीखालची ॲलर्जीची ओळ शोधा. भारतात पाकीटबंद पदार्थात दूध असेल तर एफएसएसएआयच्या नियमानुसार ते 'कंटेन्स मिल्क' असं सांगावं लागतं. ॲलर्जी असेल तर वाचन इथेच थांबवा आणि पाकीट परत ठेवा. 'मे कंटेन मिल्क' असेल तरीही. शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, दूध त्यात बसतंच.

लॅक्टोज पचत नसेल तर मात्र पुढे वाचायचं. समजा, बिस्किटांच्या 100 ग्रॅमच्या पुड्यावर 'मिल्क सॉलिड्स 2%' लिहिलंय. म्हणजे अख्ख्या पुड्यात दुधाची भुकटी 2 ग्रॅम आणि तिच्यात लॅक्टोज निम्मं धरलं तर साधारण 1 ग्रॅम. 200 मिली दुधात ते नऊ-दहा ग्रॅम असतं आणि बऱ्याच जणांना एका वेळी तेवढंही सोसतं. चार बिस्किटांनी काही होणार नाही. तोच पुडा ॲलर्जीच्या मुलासाठी मात्र वर्ज्य. यादीत व्हे पावडर किंवा दूध पावडर वरच्या क्रमांकावर असेल, तर लॅक्टोजवाल्यानेही सावध व्हावं, कारण घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात.

सगळ्यात फसवं पाकीट 'लॅक्टोज-फ्री' दुधाचं. त्यात सहसा लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली असते, म्हणून ते जरा गोड लागतं. प्रथिनं मात्र जशीच्या तशी. लॅक्टोज न पचणाऱ्याने ते खुशाल प्यावं, ॲलर्जीवाल्याने थेंबही नको. शेळीचं किंवा म्हशीचं दूधही ॲलर्जीवर उपाय नाही. प्रथिनं इतकी सारखी असतात की शरीर बहुधा फरक करत नाही. हा सल्ला घरोघरी दिला जातो, तो ऐकू नका.

'नॉन-डेअरी' क्रीमरमध्येही सोडियम केसिनेट असू शकतं. ते दुधाचंच प्रथिन. उलट लॅक्टिक ॲसिड आणि कोको बटर ही नावं दुधासारखी वाटली तरी त्यांनी घाबरायचं कारण नाही: लॅक्टिक ॲसिड सहसा साखर आंबवून करतात आणि कोको बटर कोकोच्या बियांचं असतं.

साजूक तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतं, पण प्रथिनांचे अंश राहतात. त्यामुळे पोट बिघडणाऱ्याने पुरणपोळीवर तूप घ्यावं, ॲलर्जी असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.