पिल्लांच्या फोटोंवरून लॅब्रॅडॉरच्या रंगाची जनुकं कशी वाचावीत

लॅब्रॅडॉरच्या पिल्लांचा फोटो पाहताना नजर आपसूक केसांवर जाते. जनुकं वाचायची असतील तर आधी नाक बघा. रंग ठरवणारी जनुकं मुख्यतः दोन आहेत. त्यातलं एक दुसऱ्याचं काम केसांत झाकून टाकतं, नाकावर मात्र त्याचं काही चालत नाही.

पहिलं जनुक B. गडद रंगद्रव्य काळं होणार की तपकिरी, हे ते ठरवतं. पिल्लाला त्याची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. एक जरी B असला तरी रंगद्रव्य काळं, दोन्ही b असतील तरच चॉकलेटी. दुसरं जनुक E. गडद रंगद्रव्य केसांत उतरू द्यायचं की नाही, हे त्याच्या हातात. इथेही एक E पुरतो. दोन्ही e आले की केस पिवळे होतात, पण नाक, ओठ आणि पापण्यांच्या कडांत गडद रंग बनतच राहतो. म्हणजे पिवळं पिल्लूही आतून एकतर काळं असतं किंवा चॉकलेटी.

आता फोटो निवडा. जन्मतः पिल्लांची नाकं गुलाबी असू शकतात आणि रंग हळूहळू भरतो, त्यामुळे पहिल्या दिवसांतल्या फोटोंवरून पिवळ्या पिल्लांबद्दल काहीच ठरवू नका. साधारण पाच-सहा आठवड्यांचे, दिवसाउजेडी सावलीत काढलेले फोटो उत्तम. चौकटीत पांढरा टॉवेल किंवा कागद असावा. तोच पिवळसर दिसत असेल तर फोटोतला बाकीचा रंगही भरवशाचा नाही. दिव्याच्या पिवळ्या उजेडात काळं नाक तपकिरी वाटतं, अंधुक खोलीत चॉकलेटी पिल्लू काळं वाटतं. शंका आली तर त्याच फोटोतल्या नक्की काळ्या भावंडाशी तुलना करा. डोळ्यांच्या रंगावर विसंबू नका, या वयात ते निळसरच असू शकतात.

नाक पाहिलं की पापण्यांच्या कडा आणि ओठही पाहा. तिन्ही तपकिरी असतील तर bb समजा. नाकाचा मधला भाग फिकट पण कडा काळ्या असतील, तर तिथे B आहे. आईबापांच्या फोटोत तर हे हमखास तपासावं, कारण मोठ्या पिवळ्या कुत्र्यांचं नाक पुष्कळदा फिकं पडतं, विशेषतः हिवाळ्यात.

एक उदाहरण घेऊ. आई काळी, बाप पिवळा आणि काळ्या नाकाचा. पिल्लं आठ: तीन काळी, एक चॉकलेटी, चार पिवळी, पिवळ्यांतल्या एकाचं नाक तपकिरी. बाप पिवळा, म्हणून ee. पिवळी पिल्लं झाली, म्हणजे आईनेही e दिला. ती स्वतः काळी असल्याने तिच्याकडे Ee. चॉकलेटी पिल्लाला दोन्हीकडून b मिळाला, पण आईबापांची नाकं काळी, म्हणून दोघेही Bb. आई BbEe, बाप Bbee.

पिल्लांकडे वळू. चॉकलेटी पिल्लू नक्की bbEe, कारण बापाकडे द्यायला फक्त e होता. तपकिरी नाकाचं पिवळं bbee. काळी तिन्ही Ee. ती BB की Bb, हे कुठल्याही फोटोत दिसणार नाही. प्रत्येकाची Bb असण्याची शक्यता तीनात दोन, खात्री हवी तर डीएनए चाचणी.

काही गोष्टी बसतच नाहीत. दोन पिवळ्यांपोटी काळं किंवा चॉकलेटी पिल्लू नको, दोन चॉकलेटींपोटी काळ्या नाकाचं नको. तसं दिसलं तर आधी फोटोंची अदलाबदल झाली का ते पाहा. मग बापाची शंका घ्या; एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप दोन असू शकतात. फिकट क्रीमपासून तांबूस कोल्ह्याच्या रंगापर्यंतच्या पिवळ्या छटा आणि ‘सिल्व्हर’ रंग या दोन जनुकांवर ठरत नाहीत, ते इथे ओढून बसवू नका. हे वाचन लॅब्रॅडॉरपुरतंच ठेवा: गोल्डन रिट्रीव्हर सगळे ee, त्यामुळे तिथे या तीन रंगांचा प्रश्नच येत नाही.

चॉकलेटी पिल्लू नाही म्हणून आईबापांत b नाही, असा निष्कर्ष मात्र घाईचा. वरच्या जोडीला आठ पिल्लं झाली तरी सुमारे तीन वेतांपैकी एकात चॉकलेटी पिल्लू नसेल. म्हणून पिवळ्यांची नाकंही मोजा: चॉकलेटी नाही आणि तपकिरी नाकाचं पिवळंही नाही, असं आठ पिल्लांचं वेत या जोडीला साधारण दहातून एकदाच होईल.