अष्टफलकीय संकुलांची कक्षक-आकृती काढताना या चुका टाळा

स्पेक्ट्रोकेमिकल श्रेणी घडाघडा म्हणून दाखवणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. पण क्लोराइड पाण्याच्या खाली आणि कार्बन मोनॉक्साइड सर्वांच्या वर का, असे विचारले की बहुतेकांची गाडी लिगंडावरच्या ऋणभाराकडे वळते. तो रस्ता पुढे बंद आहे. सारे भारावरच अवलंबून असते, तर फ्लुओराइड वरच्या टोकाला आणि भार नसलेला CO तळाशी असता. प्रत्यक्षात हायड्रॉक्साइडसुद्धा पाण्याच्या खाली येतो.

मला सर्वांत जास्त खटकणारी चूक म्हणजे Δ भलत्याच t2g पासून मोजणे. फक्त सिग्मा बंध विचारात घेतले, तर आकृती सोपी असते. सहा लिगंडांच्या सहा इलेक्ट्रॉन-जोड्या a1g, t1u आणि eg या बंधी कक्षकांत बसतात, धातूचे t2g कक्षक कुणाशीही न जुळता जागच्या जागी राहतात, आणि तिथून eg* पर्यंतचे अंतर म्हणजे Δ. क्लोराइडचे भरलेले पाय-कक्षक विचारात घेतले, की याच t2g शी जुळणारा लिगंडाचा एक संच पुढे येतो आणि एकाऐवजी दोन t2g तयार होतात: खालचा बंधी, मुख्यतः क्लोराइडचा, वरचा प्रतिबंधी, मुख्यतः धातूचा. घाईतला विद्यार्थी म्हणतो की नवा बंध झाला, म्हणजे t2g खाली गेला, म्हणजे Δ वाढला. तर्क ऐकायला गोड आहे, उत्तर मात्र उलटे येते.

माझा उपाय साधा आहे: आकृतीत इलेक्ट्रॉन भरल्याशिवाय Δ चा बाण काढू नये. [CrCl6]3- मध्ये सिग्माचे १२ इलेक्ट्रॉन तळाशी गेले, क्लोराइडच्या पाय-कक्षकांतून आलेल्या ६ इलेक्ट्रॉनांनी खालचा t2g भरून टाकला, आणि क्रोमियमच्या तीन d इलेक्ट्रॉनांना वरचा, प्रतिबंधी t2g उरला. Δ तिथूनच मोजायचा. तो संच eg* च्या दिशेने वर सरकला असल्यामुळे Δ घटतो. CO च्या बाबतीत लिगंडाचे पाय-कक्षक रिकामे आणि धातूच्या वर असतात. म्हणून धातूचे इलेक्ट्रॉन जोडीतल्या खालच्या t2g मध्ये राहतात आणि Δ वाढतो.

हाच फरक एकदा प्रयोगशाळेत आयता समोर आला होता. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात [Cr(H2O)6]3+ चा वर्णपट घ्यायचा होता आणि पहिला पट्टा ५७५ नॅनोमीटरजवळ, म्हणजे सुमारे १७,४०० cm⁻¹ ला, अपेक्षित होता. एका जोडीला तो ६३५ च्या आसपास मिळाला. त्यांनी उपकरणावर खापर फोडले, क्युव्हेट पुन्हा पुन्हा धुतले, बेसलाइन नव्याने घेतली. द्रावण हिरवे आहे, याकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते. क्रोम ॲलम तोलून विरघळवण्याचा कंटाळा आल्यामुळे त्यांनी हाताशी असलेले हिरवे क्रोमियम क्लोराइड वापरले होते, आणि त्यातील आयन [Cr(H2O)4Cl2]+ असतो. चार पाणी आणि दोन क्लोराइड यांची सरासरी काढली (CrCl6 साठी सुमारे १३,००० धरून), तर Δ साधारण १६,००० cm⁻¹ येतो, म्हणजे ६२५ नॅनोमीटरच्या जवळपास. उपकरण अगदी बरोबर होते. दोन क्लोराइडांनी t2g वर ढकलल्याचे ते मुकाट्याने सांगत होते.

शेजारच्या जोडीने ॲलम घेतले खरे, पण लवकर विरघळावे म्हणून तापवले, आणि सल्फेट आत शिरून तेही हिरवे झाले. d3 क्रोमियमवरचे लिगंड फार सावकाश बदलतात, त्यामुळे ते द्रावण गार झाल्यावर लगेच जांभळे होत नाही. मी ॲलम थंड पाण्यातच ढवळतो आणि द्रावण निळसर जांभळे दिसल्याशिवाय क्युव्हेटला हात लावत नाही.

d3 मध्ये पहिला पट्टा थेट Δ देतो. d2 किंवा d7 साठी हीच सवय वापरल्यास उत्तर चुकेल.

अमोनिया श्रेणीत वर आहे, म्हणून त्याला पाय-स्वीकारक ठरवू नये. नायट्रोजनवरची एकमेव मोकळी जोडी सिग्मा बंधात जाते, आणि पाण्यासारखी पाय-देणगी देण्यासाठी त्याच्याकडे काही उरत नाही. त्यामुळे eg* पुरेसा वर जातो, t2g जागेवर राहतो, आणि [Cr(NH3)6]3+ चा Δ सुमारे २१,५०० पर्यंत पोहोचतो. सायनाइडला २६,६०० पर्यंत नेण्यात मात्र t2g खाली ओढणाऱ्या पाय-स्वीकाराचाही हात असतो.

CO च्या बाबतीत उलट चूक होते: “प्रबळ सिग्मा-दाता” एवढेच लिहून विषय संपवला जातो. मुक्त CO चे ताण-कंपन २१४३ cm⁻¹ ला असते आणि Cr(CO)6 मध्ये ते २००० च्या आसपास उतरते, कारण धातूचे t2g इलेक्ट्रॉन CO च्या प्रतिबंधी कक्षकांत शिरून त्याचा बंध सैल करतात. t2g रिकामाच असेल, म्हणजे धातू d0 असेल, तर परत द्यायला इलेक्ट्रॉनच नसतात. अशा धातूच्या आकृतीत परत-देणगीचा बाण दिसला, की मी तिथेच लाल शाई वापरतो.