दिवा-चेंडूच्या प्रयोगात कलांऐवजी ग्रहण दिसतंय? या चुका टाळा

सातवीतल्या एका मुलीने प्रयोग संपल्यावर मला विचारलं, "सर, म्हणजे पृथ्वीची सावली पडते म्हणूनच चंद्र कमी-जास्त दिसतो ना?" मी सवयीने "नाही" म्हणणार, एवढ्यात माझं लक्ष तिच्या हातातल्या चेंडूकडे गेलं. त्यावर तिच्याच डोक्याची सावली पडली होती. तिने जे पाहिलं तेच सांगितलं होतं. चूक मी मांडलेल्या प्रयोगात होती.

प्रयोग तसा सोपा आहे. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांच्या उंचीवर शेड नसलेला बल्ब लावायचा, तो सूर्य. साधारण ६ सेंटिमीटरचा थर्माकोलचा गोळा काडीला खोचून हात लांब करून धरायचा, तो चंद्र. आपलं डोकं ही पृथ्वी. मग गोळा समोर धरून जागच्या जागी हळूहळू गिरकी घ्यायची आणि गोळ्याचा किती उजळलेला भाग आपल्याला दिसतो ते पाहायचं. गोळ्याचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो. त्या अर्ध्यातला किती आपल्याकडे वळलेला आहे, तेवढाच प्रश्न. कला म्हणजे इतकंच.

पौर्णिमेला गोळा काळा पडतो

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. दिव्याकडे पाठ केली की गोळा पूर्ण उजळायला हवा, पण तो डोक्याच्या सावलीत जातो. मुलांना चंद्रग्रहण दिसतं आणि "सावलीमुळे कला" ही समजूत प्रयोगानेच पक्की होते.

उपाय साधा: दिव्याकडे पाठ असताना हात वर न्या, गोळा डोळ्यांच्या रेषेपासून वीतभर वर धरा. सावली त्याच्या खालून निघून जाते आणि पौर्णिमा दिसते.

"पण मग ही हातचलाखी नाही का?" असं एखादा चौकस मुलगा विचारतोच, आणि त्याला उत्तर द्यायला हवं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. ५ अंश ऐकायला थोडे वाटतात, कारण हातातला गोळा डोक्याच्या फार जवळ असतो. डोकं १८ सेंटिमीटरचं धरलं, तर त्या प्रमाणात चंद्र ५ सेंटिमीटरचा होतो आणि तो हाताच्या अंतरावर नाही, जवळपास साडेपाच मीटर लांब हवा. तेवढ्या अंतरावर ५ अंश म्हणजे सुमारे ४७ सेंटिमीटर. पृथ्वीची गडद सावली तिथे जेमतेम १३ सेंटिमीटर रुंद उरते. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून सुखरूप जातो. कक्षा जिथे ती पातळी छेदते त्याच्या आसपास पौर्णिमा आली तरच ग्रहण लागतं, जसं ७ सप्टेंबर २०२५च्या रात्री भारतातून दिसलं.

सावलीचा समज मोडायला एक आकार पुरतो: दशमीचा चंद्र. त्याचा उजेड-अंधाराच्या सीमेकडचा काठ बाहेर फुगलेला असतो. गोल सावली चंद्राचा लचका तोडते, म्हणजे उजळलेल्या भागाचा काठ आत वळतो, बाहेर कधीच फुगत नाही. शिवाय शुक्ल अष्टमीला दुपारी चंद्र आणि सूर्य एकाच आकाशात दिसतात. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते. ती तिथे येईल कुठून?

अष्टमी पंचमीलाच येते

ही चूक पटकन ध्यानात येत नाही. गोळा दिव्यापासून काटकोनात आला की अर्धा उजळलेला दिसायला हवा. पण दिवा फार जवळ असेल तर त्याआधीच अर्धा दिसतो आणि काटकोनात तो अर्ध्याहून जास्त भरलेला असतो.

हिशेब करून पाहू. तुमच्यापासून दिवा १ मीटरवर आणि गोळा ६० सेंटिमीटरवर. गोळा अर्धा दिसण्यासाठी काटकोन गोळ्यापाशी व्हावा लागतो, डोक्यापाशी नाही. या अंतरांना तो डोक्यापाशी ५३ अंश वळल्यावरच होतो. आपल्या पंचांगात तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं १२ अंशांचं अंतर. म्हणजे ५३ अंशांवर पंचमी चालू असते! अर्धा चंद्र खरा दिसतो तो अष्टमीला, ९० अंशांच्या आसपास. दिवा ३ मीटरवर नेला तर गोळा ७८ अंशांवर अर्धा होतो, म्हणजे सप्तमी. ६ मीटरवर अष्टमी लागते. खोली लहान असेल तर दिवा एका कोपऱ्यात ठेवून समोरच्या कोपऱ्यात उभे राहा, नाहीतर सरळ व्हरांडा वापरा.

या चुकीला एक मानही आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात ग्रीक खगोलशास्त्रज्ञ अॅरिस्टार्कसने नेमका हाच कोन आकाशात मोजून सूर्याचं अंतर काढायचा प्रयत्न केला. त्याने ८७ अंश धरले आणि सूर्य चंद्राच्या सुमारे १९ पट लांब आहे असं उत्तर काढलं. खरा कोन ८९.८५ अंश आहे आणि सूर्य जवळपास ३९० पट लांब. रीत बरोबर होती, पण इतका बारीक फरक नुसत्या डोळ्यांनी कसा पकडणार?

गोळा एकाच्या हातात, बघणारे चाळीस

बाजूला उभ्या असलेल्या मुलांना कला दिसत नाहीत. त्यांचा डोळा पृथ्वीवर नाही, खोलीत भलतीकडेच आहे. ज्याच्या हातात गोळा, त्यालाच प्रयोग दिसतो. म्हणून प्रत्येकाला वेगळा गोळा द्या. मधल्या बल्बभोवती आठ-दहा जण एकमेकांची सावली टाळून उभे राहू शकतात. गोळे कमी असतील तर एकाने डोक्याशेजारी मोबाइल धरून व्हिडिओ काढावा.

वळायचं डावीकडे. दिव्याकडे तोंड करून सुरुवात केली की गोळा दिव्याच्या डावीकडे सरकतो आणि त्याची उजवी कड उजळते, शुक्ल पक्षासारखी. उजवीकडे वळलात तर आधी कृष्ण पक्ष दिसेल, तोही उलटा चालणारा. मात्र संध्याकाळी पश्चिमेला खरी कोर बघून "सर, ही तर होडीसारखी आडवी आहे" अशी तक्रार आली तर गडबडू नका. महाराष्ट्रातून ती तशीच कललेली दिसते. तिची उजळ कड मावळलेल्या सूर्याकडे असते, एवढं जुळलं की झालं.

गोळ्याची अंधारी बाजू राखाडी दिसत असेल तर दोष पांढऱ्या भिंतींचा. पडदे ओढा आणि गोळ्यामागे गडद चादर टांगा. गोळा चकचकीत असेल तर उजेडाऐवजी दिव्याचा ठिपकाच चमकतो. प्लास्टिकच्या चेंडूला चुना फासला तरी भागतं.

एवढं करूनही शंका उरली, तर तोच गोळा शुक्ल अष्टमीला दुपारी चारच्या सुमारास मैदानात न्या. आता बल्ब नको, ऊन आहे. पूर्वेच्या बाजूला फिकट चंद्र शोधा आणि गोळा त्याच्या अगदी शेजारी दिसेल असा हात लांब करून धरा. गोळ्यावरची आणि चंद्रावरची उजेडाची सीमा एकाच कलाने तिरकी, दोघेही अर्धेच.