नकाशावर घरटं लपवताना

सर्वेक्षणाचा नकाशा पहिल्यांदा हातात आला की नवीन माणूस दुर्मीळ प्रजातीचा ठिपका जरा इकडेतिकडे सरकवतो आणि काम झालं असं समजतो. मुंबईत तेवढ्याने भागत नाही. का, ते एका घरट्यावरून सांगते.

तिबोटी खंड्या पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत आडवं बीळ खोदतो. जागा फुटली की कॅमेरे पोचतात. कुणी मधे येणाऱ्या फांद्या छाटतं, कुणी मोबाइलवर आवाज वाजवतं, आणि चोचीत भक्ष्य धरून आलेला पक्षी बिळात शिरायचं सोडून समोरच ताटकळत बसतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या एका कडेला आम्हाला असं बीळ सापडलं. ओढ्याचं नाव इथेही लिहीत नाही.

पहिली सूचना नेहमीची आली: प्रत्येक नोंद ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही टाकू. ऐकायला बरं वाटतं, पण एकाच बिळाच्या अनेक भेटींच्या नोंदी असतात. प्रत्येक नोंद वेगळी उडवली की त्यांची सरासरी पुन्हा बिळाकडेच येते. १६ नोंदी असतील तर सरासरीची चूक प्रत्येक दिशेला साधारण ६० मीटरवर उतरते. म्हणून ग्रिड धरायचा आणि चौकोनात पडलेली प्रत्येक नोंद त्या चौकोनाच्या मध्यावर नेऊन ठेवायची. सरासरी काढा नाहीतर काहीही करा, मध्यबिंदूच हाती लागतो.

आता चौकोन केवढा? ०.०१ अंशाचा चौकोन मुंबईत उत्तर-दक्षिण १.१ किलोमीटरच्या आसपास आणि पूर्व-पश्चिम त्याहून किंचित कमी भरतो. कागदावर पुरेसा वाटतो. पण तो उपग्रहचित्रावर ठेवून बघा. आमच्या चौकोनाच्या निम्म्या भागात इमारती होत्या, उरलेल्यात कोरडा उतार आणि एकच ओढा, तोही जेमतेम ६०० मीटर. खंड्या कुठे घरटं करतो हे माहीत असलेला माणूस अर्ध्या तासात तो पालथा घालील. म्हणजे आपण एक चौरस किलोमीटर लपवला असं वाटतं, खरं तर लपलेली असते फक्त ओढ्याची एक पट्टी. ही मुंबईची खास अडचण: जंगल इमारतींच्या मधे अडकलेलं, त्यामुळे चौकोनातला निरुपयोगी भाग कुणालाही वजा करता येतो. उलट ०.१ अंश घेतला तर चौकोन सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या अख्ख्या उद्यानापेक्षा मोठा होतो आणि नकाशाला अर्थ उरत नाही. आम्ही ०.०२ अंशावर थांबलो, कारण त्या चौकोनात बिळाला चालतील असे तीन ओढे येत होते. आकडा ठरवायची माझी कसोटी हीच: चौकोनात त्या प्रजातीला योग्य जागा किती उरते ते मोजायचं. कड्यावरच उगवणाऱ्या एखाद्या वनस्पतीसाठी याच जंगलात वेगळं उत्तर येईल.

QGIS मध्ये सूत्र असं, रेखांशालाही हेच:

```
floor("lat" / 0.02) * 0.02 + 0.01
```

नवा कॉलम जोडून जुना लपवू नका. वेब नकाशामागची फाइल कुणीही उघडून बघतो, लपवलेला कॉलम तिथे जसाच्या तसा असतो. नवे आकडे वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि तीच बाहेर द्या. शेरा आणि फोटो दोन्ही तपासा. 'पुलाच्या डावीकडे, मोठ्या उंबराखाली' असं लिहिलं असेल तर चौकोन कशाला केला? फोटोच्या आतही जीपीएस बसलेला असू शकतो.

सगळ्यात चोरटी गळती मात्र शेजारच्या नोंदींतून होते. त्याच निरीक्षकाने ७:४२ ला बुलबुल अचूक जागेसह नोंदवला, ७:४४ ला खंड्या झाकलेल्या जागी आणि ७:४७ ला सुभग पुन्हा अचूक. दोन ठिपके जोडले की मधली जागा हातात आली. म्हणून त्या फेरीतल्या सगळ्याच नोंदी आम्ही त्याच ग्रिडवर नेल्या आणि वेळ काढून फक्त तारीख ठेवली. बुलबुलाच्या नकाशाचं त्यात थोडं नुकसान होतं. ते मला मान्य आहे.

नकाशा वापरणाऱ्याला हे सांगणंही आपलंच काम. नाहीतर कुणीतरी चौकोनाचा मध्य खरी जागा समजून त्यावर अधिवासाचं मॉडेल बांधेल. जैवविविधतेच्या नोंदींसाठी डार्विन कोर नावाचा ठरलेला साचा आहे. त्यातल्या `coordinateUncertaintyInMeters` या कॉलममध्ये मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर, इथे सुमारे १५३० मीटर, लिहा. `dataGeneralizations` मध्ये ग्रिडचा आकार आणि कारण द्या, आणि `informationWithheld` मध्ये मूळ जागा कुणाकडे मागायची ते. मूळ फाइल वेगळी, कुलूपबंद ठेवायची. वनखात्याला ती लागते, कारण पायवाट किंवा बंधारा आखताना त्यांना चौकोन नको असतो, ती दरड हवी असते.