मृत्युपत्र नोंदवलं, पण साक्षीदारांपाशी अडलं: या चुका टाळा

“नोंदणी झालीय ना, मग आता कोण काय करणार?” मृत्युपत्राची गोष्ट निघाली की हे वाक्य ऐकू येतंच. वकिलीत मला सर्वात जास्त त्रास याच वाक्याने दिला आहे.

सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त गुरुजी. राहतं घर त्यांना सांभाळणाऱ्या धाकट्या मुलाला द्यायचं त्यांच्या मनात पक्कं होतं. मजकूर टाईप करून आणला आणि सकाळी ओटीवर बसून गुरुजींनी सही केली. शेजारी समोर होते, त्यांनीही तिथेच सही केली. दुसरे साक्षीदार बाजारपेठेतले दुकानदार. मुलगा कागद घेऊन दुकानात गेला आणि त्यांनी गल्ल्यावरच सही केली. पुढच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठे होऊन रीतसर नोंदणी झाली.

गुरुजी गेल्यावर मुलीने दावा लावला. शेजारी तोवर वारले होते, म्हणून दुकानदारांना साक्षीला बोलावलं. उलटतपासात पहिलाच प्रश्न आला, “तुम्ही सही केलीत तेव्हा गुरुजी कुठे होते?” ते प्रामाणिकपणे म्हणाले, “घरी.” मृत्युपत्र तिथेच कोसळलं.

भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 याच्या कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ‘ही माझीच सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं. आणि प्रत्येकाने स्वतःची सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर करायला हवी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं कायदा म्हणत नाही. म्हणजे दुकानदार संध्याकाळी गुरुजींकडे गेले असते, गुरुजींनी सही आपली असल्याचं सांगितलं असतं आणि त्यांनी तिथेच सही केली असती, तर ती चालली असती.

तरीही माझा आग्रह असतो की तिघांनी एकाच बैठकीत सह्या कराव्यात. कारण पुढे कोर्टात बहुधा एकच साक्षीदार उभा राहतो. एकाची साक्ष पुरते, पण त्याला दुसऱ्याच्या सहीबद्दलही सांगता आलं पाहिजे. जानकी नारायण भोईर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच म्हटलं: तपासलेल्या साक्षीदाराला दुसऱ्याची सही सिद्ध करता आली नाही आणि मृत्युपत्र शाबीत झालं नाही. म्हणून शेवटी हा मजकूर टाकावा: ‘वरील मृत्युपत्रावर श्री./श्रीमती ______ यांनी आम्हा दोघांच्या समक्ष सही केली आणि आम्ही दोघांनी त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या.’ खाली पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख. अर्थात, जे घडलं तेच लिहायचं.

नोंदणीचं काय? ती सक्तीची नाही, मुद्रांक शुल्कही लागत नाही. तरी ती करावी, कारण कागद गहाळ झाला किंवा बदलला असं म्हणायला वाव राहत नाही. पण साक्षीतली उणीव तिने भरून निघत नाही. नोंदणीच्या वेळी ओळख पटवायला आलेली माणसं किंवा सही करणारे निबंधक आपोआप मृत्युपत्राचे साक्षीदार ठरत नाहीत.

दुसरी चूक म्हणजे ज्याला मालमत्ता मिळणार त्यानेच सगळी धावपळ करणं. वकील त्याने गाठायचा, साक्षीदार त्याचे मित्र आणि कार्यालयात वडिलांना नेणाराही तोच. सर्वोच्च न्यायालयाच्या 1958 च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून कोर्ट याला संशयास्पद परिस्थिती मानतं आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर येते. हिंदूंमध्ये लाभार्थी साक्षीदार असला तरी तेवढ्याने त्याला दिलेलं रद्द होत नाही, पण असा साक्षीदार घेऊच नये. ख्रिश्चनांमध्ये तर साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेलं रद्दच होतं.

साक्षीदार आपल्याहून वयाने लहान आणि ठावठिकाणा पक्का असलेले निवडा. वय झालं असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून ‘शुद्धीवर आहेत, समजून निर्णय घेऊ शकतात’ असा दाखला घ्या. एखाद्या मुलाला वगळलं असेल तर कारण एका वाक्यात लिहा: ‘मोठ्या मुलीच्या घरासाठी मी पूर्वीच रक्कम दिली आहे.’ गुरुजींनी मुलीचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. तिच्या वकिलाने विचारलं, “पोटची मुलगी त्यांना आठवलीच नाही?” त्यावर आमच्याकडे दाखवायला एक ओळही नव्हती.

आता कपाटातलं मृत्युपत्र काढून पाहा. दुसरा साक्षीदार समोर नव्हता असं आठवलं, तर जुन्या कागदावर नव्याने सह्या मिळवत बसू नका. खाडाखोडही नको, नंतर केलेल्या बदलाला तशाच साक्षीदारांसमक्ष सही लागते, नाहीतर तो बदल धरला जात नाही. ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द करतो’ या वाक्याने सुरुवात करून नवं मृत्युपत्र करा आणि यावेळी तिघेही एका टेबलाशी बसा.